प्रतिसाद: जुना डेस्कटॉप, आधी काय बदलावं?

> "चौथ्या पिढीचा आय३, एच८१ बोर्ड, ४ जीबी रॅम, हार्ड डिस्क. एकेक पार्ट बदलू की नवीन घेऊ?"

आधी टास्क मॅनेजर उघडून नेहमीचं काम करा. डिस्क सतत १००% आणि सीपीयू ३०-४०% दिसला, तर अडलंय ते हार्ड डिस्कमुळे. मग २.५ इंची साटा एसएसडी घ्या. एच८१ वर एनव्हीएमई एसएसडीसाठी सहसा स्लॉटच नसतो. या बोर्डावर ६ जीबीपीएसचे साटा पोर्ट दोनच असतात, बाकीचे निम्म्या वेगाचे. एसएसडी वेगवान पोर्टलाच जोडा, नंबर मॅन्युअलमध्ये मिळेल.

ही एसएसडी पुढे नव्या मशीनमध्येही चालेल, म्हणून तो खर्च वाया जात नाही. डीडीआर३ रॅम मात्र नव्या बोर्डात बसतच नाही, तेव्हा जुन्या बाजारातली ४ जीबीची एक पट्टी घालून थांबा.

सीपीयूच १००% वर अडकत असेल, तर इथे पैसे घालू नका. नव्या पिढीचा प्रोसेसर घालायचा म्हणजे बोर्ड आणि रॅमही आलीच, म्हणजे नवीनच मशीन. शिवाय विंडोज ११ ला इंटेलची किमान आठवी पिढी लागते आणि विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. लिनक्स चालणार असेल तरच जुनं ठेवा.