मदत हवी आहे: बाळाचं वजन रोज 19 ग्रॅमच वाढतंय, लवकर सांगा

इंदूरची_आई: आज बाळाचं वजन केलं. हिशोब केला तर दिवसाला 19 ग्रॅम येतात. सगळीकडे 30 ग्रॅम सांगतात. सासूबाई म्हणतात, वरचं दूध सुरू कर. रात्रभर झोप नाही. काय करू?

सुदामानगर_काकू: अळीव आणि डिंकाचे लाडू खा. बाळंतपणानंतर वजन असंच हळूहळू जागेवर येतं.

नर्सताई: काकू, त्या बाळाच्या वजनाबद्दल विचारतायत. ताई, बाळ किती दिवसांचं आहे? जन्माचं वजन आणि घरी आलात तेव्हाचं वजन सांगा.

इंदूरची_आई: 42 दिवस. जन्माला 3100, आज 3900. चौथ्या दिवशी घरी सोडलं तेव्हा 2880 होतं. अंगावरच पाजते.

नर्सताई: मग हिशोबाची सुरुवातच चुकलीय. पहिल्या काही दिवसांत बाळाचं वजन उतरतंच, आणि साधारण दोन आठवड्यांत जन्माइतकं परत येतं. म्हणून मोजायचं सगळ्यात कमी वजनापासून. 3900 वजा 2880 म्हणजे 1020 ग्रॅम, भागिले 38 दिवस. जवळजवळ 27 ग्रॅम रोज. या वयात हे चांगलं आहे.

बाबा_विजयनगर: सहा महिने रोज 30 ग्रॅम हवेतच, आम्हाला हेच सांगितलं होतं. माझी साडेचार महिन्यांची आहे, 18 ग्रॅमवर आलीय, म्हणून आम्ही डबा सुरू करतोय.

नर्सताई: दादा, 25-30 पहिल्या तीन महिन्यांचे. पुढे वेग आपोआप कमी होतो, 15-20 वर येतो. खेळती असेल, शू नीट होत असेल तर नुसत्या 18 वरून डबा सुरू करू नका, तिच्या डॉक्टरांना तक्ता दाखवा.

बाबा_विजयनगर: पण इंदूरच्या उन्हात नुसतं आईचं दूध? दोन चमचे पाणी तरी द्यायला हवं.

नर्सताई: सहा महिन्यांपर्यंत पाणीही नको. पोट पाण्याने भरलं की दूध कमी प्यायलं जातं. जास्त वेळा पाजा. ताई, आजचं वजन कपड्यांसकट केलं का?

इंदूरची_आई: हो, झबलं आणि डायपर होतं. शू दिवसातून सात-आठ वेळा होते. दवाखान्यात मात्र उघड्या अंगाने तोलत.

नर्सताई: ओलं डायपर शंभर-दीडशे ग्रॅम सहज भरतं. स्वयंपाकघरातल्या काट्यावर तेच डायपर आणि झबलं ठेवून बघा.

इंदूरची_आई: दोन्ही मिळून 160 भरले.

नर्सताई: मग बाळ 3740. 860 भागिले 38, म्हणजे 22-23 ग्रॅम. घाबरण्यासारखं नाही, पण निवांत राहण्यासारखंही नाही. शिवाय दोन वेगळे काटे आहेत. त्याच दवाखान्यात उघड्या अंगाने तोला, आठ दिवसांनी पुन्हा तिथेच. आठवड्यात 175-200 वाढलं तर ठीक. 140 च्या खाली राहिलं, म्हणजे रोज 20 सुद्धा नाही, तर डॉक्टरांना दाखवा आणि पाजतानाची पकड कुणाला तरी समोर बसून बघू द्या. शू कमी झाली किंवा बाळ दुधाला उठेना, तर आठ दिवस थांबूच नका.

सुदामानगर_काकू: अळीवाचं मी तरी सोडणार नाही, दूध येतं त्याने असं आमच्यात मानतात.

इंदूरची_आई: उद्या सकाळीच तोलून येते. सासूबाईंना आठ दिवस थांबायला सांगितलंय, ऐकतील की नाही माहीत नाही.