शब्दचर्चा: शिवीला धार कशामुळे येते?

दांडियाबाजार
जोरकस शिव्या बहुतेक आखूड का असतात आणि कानाला कठोर का लागतात? इंग्रजीतल्या कुप्रसिद्ध शिव्या घ्या. एकच अक्षर उच्चारावं तितक्या लहान, आणि शेवटी दार आपटल्यासारख्या बंद होणाऱ्या. मराठीत गधडा, थेरडा, मुडदा, हलकट. इथे बडोद्यात आमच्या घरात मराठी, गल्लीत गुजराती आणि ऑफिसात हिंदी. राग आला की तिन्ही भाषांत जीभ ट, ड, भ, ख यांच्याकडेच वळते असं मला वाटतं. हा नुसता कानाचा भास आहे, की वर्णांमध्येच काही आहे? अगदी घाणेरडे शब्द लिहायची गरज नाही, सौम्य उदाहरणांवर भागेल.

मांडवीकर
यात कोडं कसलं? क, ट, त, प म्हणताना हवा आधी अडते आणि मग एकदम सुटते. राग तसाच सुटतो. म्हणून ज्या शब्दात असे वर्ण जास्त, ती शिवी जास्त कडक. आणि रागात लांबलचक बोलायला सवड नसते, म्हणून ती आखूड.

अलकापुरी
मांडवीकर, हवा अडून सुटते हे खरं, पण त्यावरून पुढचं निघत नाही. 'बटाटा', 'टोपी', 'पोपट', 'कापूस' यांत तुम्ही म्हणता तेच वर्ण ठासून भरलेत. बटाटा म्हटल्यावर कोणाला राग येतो?

यावर एक चांगला अभ्यास झालेला आहे. लंडन विद्यापीठातल्या रॉयल हॉलोवेच्या शिरी लेव-आरी आणि रायन मॅके यांनी तो २०२२ च्या डिसेंबरात प्रसिद्ध केला. आधी त्यांनी हिब्रू, हिंदी, हंगेरियन, कोरियन आणि रशियन बोलणाऱ्यांकडून त्यांच्या भाषेतल्या शिव्या गोळा केल्या. या भाषा एकमेकींपासून लांबच्या आहेत. त्यांत समान काय दिसलं, तर कठोर वर्णांची गर्दी नव्हे, मऊ वर्णांची टंचाई. आपण ज्यांना अंतस्थ म्हणतो ते य, र, ल, व शिव्यांमध्ये कमी आढळले. त्या वर्णांत जीभ किंवा ओठ जवळ येतात, पण हवा अडत नाही, घासतही नाही. ती वाहत राहते.

मग त्यांनी उलटी तपासणी केली. लोकांना माहीत नसलेल्या भाषांतले साधे शब्द घेऊन थोडे बदलले. अल्बेनियन भाषेत पक्ष्याला 'झोग' म्हणतात. त्याचे दोन खोटे शब्द केले, 'योग' आणि 'त्सोग'. अरबी, चिनी, फिनिश, फ्रेंच, जर्मन आणि स्पॅनिश बोलणाऱ्यांना अशा जोड्या ऐकवून विचारलं, यातली शिवी कोणती असेल? सुमारे ६३ टक्के वेळा लोकांनी अंतस्थ नसलेला शब्द निवडला. नुसता अंदाज असता तर आकडा ५० च्या आसपास राहिला असता. फरक आहे, पण बेताचा आहे, हे लक्षात ठेवायला हवं.

कारेलीबागची काकू
तुम्ही सगळे शिव्यांचा अभ्यास करताय, पण माझा नातू पाचवीत आहे आणि शाळेतून रोज एक नवीन शिवी आणतो, त्याचं काय करू ते सांगा. परवा रागावले, तर आता हुशारी करून 'च्यायला' म्हणतो. म्हणे आजी, ही शिवी नाहीच. खरंच नाही का?

अलकापुरी
काकू, नातवाचं काय करायचं ते तुम्हीच ठरवा, पण त्याचा शब्द इथे फार उपयोगाचा आहे. 'च्यायला' हे 'त्याच्या आयला' यातून उरलेलं टरफल. पुढचं क्रियापद गळालं, मागचा 'त्या' गळाला. जे उरलं त्यात आहे काय? 'च्या', 'य', 'ला'. म्हणजे य दोनदा आणि ल एकदा. त्या अभ्यासात इंग्रजी शिव्यांच्या सोज्ज्वळ रूपांकडेही पाहिलं होतं, 'डॅम'ऐवजी 'डार्न' म्हणतात तशा. मूळ शिवीपेक्षा या रूपांत अंतस्थ जास्त सापडले. नातू तेच करतोय.

मात्र 'च्यायला' निवळली ती य आणि ल मुळे, असं मी म्हणणार नाही. क्रियापद गेल्यामुळे अपमानच गेला, हे मोठं कारण. आवाजाचा वाटा त्याच्या मागून येतो.

आणि यात मांडवीकरांच्या आखूडपणाचंही उत्तर आहे. मराठी, हिंदी आणि गुजरातीतल्या सगळ्यात जहाल शिव्या आखूड नाहीतच. आई किंवा बहीण, त्यापुढे क्रियापद, अशी चार-पाच अक्षरं होतात. त्याच शिव्या कॉलेजची पोरं दोन इंग्रजी आद्याक्षरांवर आणतात, तेव्हा त्या स्वल्पविरामासारख्या वाक्यात कुठेही पडतात आणि कोणाला लागत नाहीत. आखूड झाल्या आणि धार गेली. तेव्हा आखूडपणा हा इंग्रजीचा गुण आहे, शिवीचा नव्हे.

जुनी शिक्षिका
मी संस्कृत शिकवायचे. लंडनच्या लोकांच्या आधी सुमारे नऊशे वर्षं काव्यशास्त्रकार मम्मटाने काव्यप्रकाशात हा विषय घेतला आहे. शिव्यांसाठी नव्हे, वीर आणि रौद्र रसासाठी. माधुर्य हवं तर ट-वर्ग टाळा, असं तो सांगतो. ओज म्हणजे जोर हवा तर ट-वर्ग वापरा, श-ष वापरा, वर्गातलं पहिलं अक्षर दुसऱ्याला आणि तिसरं चौथ्याला जोडा, तेच अक्षर दुप्पट करा, आणि र जोडलेली जोडाक्षरं घ्या.

मराठी कान अजून हेच ऐकतो. 'मठ्ठ', 'लठ्ठ', 'मख्ख' यांतली जोडाक्षरं बघा. मठ्ठमध्ये ट ला ठ जोडलेला, मख्खमध्ये क ला ख, कारण आपण लिहितो ख्ख तरी म्हणतो 'मक्ख'. रागात आपण 'अजिबात'चं 'अज्जिबात' करतो तेही दुप्पट करणंच.

आता अलकापुरी, मला तुम्हाला अडवायचंय. र तुम्ही मऊ वर्णांत टाकलात, मम्मटाने मात्र जोडाक्षरातला र ओजात घातला.

अलकापुरी
बाई, हा मुद्दा रास्त आहे. व्याकरणात र अंतस्थ आहे, पण उच्चारात जागोजाग वेगळा आहे. इंग्रजीत जीभ कशालाच टेकत नाही, र वाहतो. मराठीत जिभेचं टोक दातांमागे टप्पकन आपटतं, आणि जोर दिला की थरथरतं. थरथरता र अनेक भाषांत खरखरीत, ओबडधोबड पोताच्या शब्दांत जास्त आढळतो, असंही एका अभ्यासात दिसलंय, आणि तोही २०२२ चाच. म्हणून लंडनचा नियम मराठीला लावताना र बाजूला काढावा. 'हरामखोर' म्हणताना र ने शब्द मऊ होतो असं कोणाला वाटेल? य, ल आणि व यांच्यापुरताच नियम तपासावा.

दांडियाबाजार
मग मराठीपुरतं मला ठळक दिसतं ते शेवटचं ट किंवा ड. 'हलका माणूस' म्हटलं तर एक मत झालं. 'हलकट माणूस' म्हटलं तर भांडण झालं. ल दोन्हीकडे आहे, नवा आला तो ट, आणि शब्द स्वरावर न संपता ट वर बंद झाला. तसंच चोर आणि चोरटा, पोर आणि पोरटं, म्हातारा आणि म्हातारडा, भिकारी आणि भिकारडा. उलट लाड करायचे तेव्हा ल येतो: तान्हुलं, सोनुली, छकुली, चिमुकली. एकाच भाषेत चीड आणि माया यांचे प्रत्यय वेगळे, आणि वर्ण बरोबर अपेक्षेप्रमाणे.

फतेहगंज
इतकं सोपं असतं तर बडोद्यातच अडलं नसतं. नवरात्रात गरब्यात 'मावडी' ऐकता ना? 'बेनडी', 'रातलडी'? गुजरातीत हा ड मायेचा आहे. 'गधेडो' हे तर गुजरातीत त्या बिचाऱ्या जनावराचं साधं नाव. आपण 'गधडा' म्हटलं की ती शिवीच असते, जनावराला आपण गाढव म्हणतो. सासरी आल्यावर भाजीवाली माझ्या मुलीला 'दीकरडी' म्हणाली तेव्हा मी चपापले होते, आणि तिच्या बोलण्यात नुसतं कौतुक होतं. वर्ण तोच, जीभ तीच, मग चीड कुठे गेली? आणि मराठीतही 'मुखडा' आणि 'चिमुरडी' आहेतच.

जुनी शिक्षिका
ट चंही तसंच. 'पांढरट', 'तेलकट', 'खारट' यांत शिवी नाही. पांढरट म्हणजे धड पांढरं नाही, पांढऱ्याकडे झुकणारं. 'पोरकट' म्हणजे मोठा असून पोरासारखा. मला वाटतं, आधी हा 'धड नाही' असा अर्थ आला आणि कमीपणा त्यातून निघाला. ट चा आवाज त्याला नंतर साथ देत गेला असेल.

अलकापुरी
फतेहगंज, तुमचं उदाहरण मला मान्य आहे. एक गोष्ट फक्त तपासावी. 'मावडी'तला ड शब्दाच्या मधे, स्वराआधी येतो, तिथे जीभ बहुधा नुसती झटकली जाते, पूर्ण अडत नाही. 'हलकट'चा ट शब्दाच्या शेवटी पूर्ण अडतो. पण हे म्हणताना मला 'गधडा'ही आठवतो, आणि तिथेही ड शब्दाच्या मधे, स्वराआधीच आहे. म्हणजे आवाजाच्या हिशोबाने 'मावडी' आणि 'गधडा' यांत फार अंतर नाही. तिथे भाषेची सवयच ठरवते.

सवय किती भारी असते याचा एक पुरावा आहे. इंग्लंडमधल्या कील विद्यापीठात लोकांना बर्फाच्या गार पाण्यात हात ठेवायला लावतात आणि शिवी देता देता ते किती वेळ टिकतात ते मोजतात. २०२० च्या प्रयोगात खऱ्या इंग्रजी शिवीबरोबर 'फाउच' आणि 'ट्विझपाइप' असे दोन बनवलेले शब्दही दिले होते. खरी शिवी म्हणताना लोक साध्या शब्दापेक्षा सुमारे ३३ टक्के जास्त वेळ टिकले. बनवलेल्या शब्दांनी काहीच फरक पडला नाही.

मांडवीकर
म्हणजे आवाजाला काही किंमतच नाही म्हणायचं का? मग त्या ६३ टक्क्यांचं काय?

अलकापुरी
दोन्ही प्रयोग वेगळं विचारतात. परका शब्द शिवीसारखा वाटतो का, हे आवाज थोडंफार सांगतो. शिवी अंगावर काटा आणते का, हे तो शब्द लहानपणापासून कधी, कोणाकडून आणि कोणाच्या धाकात ऐकलाय त्यावर ठरतं.

दांडियाबाजार
य, ल, व यांचा हिशोब मी मराठी शिव्यांची यादी करून मांडतो. साध्या शब्दांची तेवढीच यादी शेजारी ठेवायला हवी, नाहीतर टंचाई आहे की नाही ते कळणार नाही. पण ळ कुठे धरू? 'ओंगळ', 'फटकळ', 'वाचाळ', 'टवाळ' एकीकडे, 'प्रेमळ' आणि 'मायाळू' दुसरीकडे. तो ल चा भाऊ म्हणून मऊ, की जीभ मागे वळते म्हणून ट-ड चा?

जुनी शिक्षिका
मम्मटाकडे याचं उत्तर मिळणार नाही, ज्या संस्कृतात तो लिहीत होता तिच्यात ळ नव्हता. सध्या त्याचा वेगळा रकाना करा, आणि 'बावळट' त्यातही घाला, ट च्या रकान्यातही.