पाण्यात डोकं गेलं की गाणं बंद! पोहायला कोणते इअरबड्स घ्यावेत? (तातडीची मदत हवी आहे)

घाईत_आहे: तीन आठवड्यांपूर्वी वायरलेस इअरबड्स घेतले. खोक्यावर IPX7 लिहिलंय, म्हणजे वॉटरप्रूफच. तरी तोंड पाण्यात गेलं की गाणं तुटतं, बाहेर आलं की चालू. शिवाय डावा बड दर दोन फेऱ्यांनी निघतो. आता हूकवाले घेऊ का? कृपया फक्त मॉडेल सांगा, मला शनिवारच्या आत घ्यायचेत.

रविवारी_धावतो: हूकच घ्या. मी दोन वर्षं हूकवाले वापरतोय, एकविसाव्या किलोमीटरलाही हलत नाहीत. घामाने बिनहूकवाले घसरतातच.

उलटा_पोहणारा: त्यांनी पोहण्याबद्दल विचारलंय हो. @घाईत_आहे, फोन कुठे असतो? कुठला स्ट्रोक? टोपी घालता का?

घाईत_आहे: फोन काठावर, बॅगेत. अजून कुठे असणार? फ्रीस्टाइल. टोपी नाही.

जलचर७: IPX7 म्हणजे एक मीटर खोल पाण्यात फक्त अर्धा तास. तुम्हाला IPX8 हवं, मग नाही तुटणार.

उलटा_पोहणारा: तुमचं पहिलं वाक्य बरोबर, दुसरं नाही. तो आकडा फक्त पाणी आत शिरतं का एवढंच सांगतो, आणि ती चाचणीही स्थिर, गोड्या पाण्यातली असते. इथे बड शाबूत आहे, लहरी पोचत नाहीत. ब्लूटूथ चालतं २.४ गिगाहर्ट्झवर आणि त्या लहरी पाणी शोषून घेतं. काही सेंटिमीटर पाणी मध्ये आलं तरी संपलं. म्हणून डोकं वर आलं की गाणं परत येतं. IPX8 बडही तिथेच मुका होणार.
गाणी कानापाशीच साठवणारा सेट घ्या. कॉम्प्युटरला जोडला की तो पेन ड्राइव्हसारखा दिसतो, MP3 फाइल्स आत टाकायच्या. ४ जीबीत नेहमीच्या दर्जाची हजारेक गाणी मावतात, ३२ जीबीच्या मागे लागू नका.

जलचर७: माझा मित्र फोन पाउचमध्ये घालून दंडाला बांधतो. त्याचं चालतं.

उलटा_पोहणारा: ब्रेस्टस्ट्रोक करत असेल, तोही डोकं वर ठेवून. फ्रीस्टाइलमध्ये हात पुढे पाण्यात गेला की बघा काय होतं ते.

मीनाक्षी_क: पण मुळात पोहताना गाणी कशाला? मला तर पाण्यातली शांतताच आवडते. बाकी माझ्या कानात पोहल्यावर दोन दिवस दडा बसतो, त्यावर कुणी सांगेल का?

रविवारी_धावतो: ताई, त्यासाठी डॉक्टरांकडे जा, वेगळा धागा काढा.

घाईत_आहे: मित्राचा गाणी साठवणारा सेट आज मागून आणला. गळ्यामागून पट्टी जाते, गालाच्या हाडावर टेकतो. *तोही पाण्यात तुटला!* मग तुमची थिअरी कुठे गेली?

उलटा_पोहणारा: बहुतेक तो ब्लूटूथ मोडमध्येच होता. असे बरेच सेट दोन्ही मोडचे असतात. कोरडे असतानाच बघा: गाणं चालू ठेवा आणि फोन बंद करा. गाणं थांबलं तर ते फोनवरून येत होतं. मोड बदलायचं बटण मित्राला विचारा.

घाईत_आहे: बरोबर निघालं. फोन बंद केला, गाणं थांबलं. मोड बदलला तर आत गाणीच नव्हती 🤦 मग माझ्या गाण्यांच्या अ‍ॅपमधून डाउनलोड केलेली टाकायला गेलो, तर फाइल्सच सापडेनात.

उलटा_पोहणारा: सापडल्या तरी वाजणार नाहीत, त्या अ‍ॅपपुरत्या कुलूपबंद असतात. स्वतःच्या MP3 फाइल्सच लागतील. क्रम हवा असेल तर नावापुढे ०१, ०२ घाला, तरीही काही सेट कॉपी झालेल्या क्रमानेच वाजवतात.

रविवारी_धावतो: मग पळायला हाच चालेल ना? दोन सेट कशाला?

उलटा_पोहणारा: चालेल. कान मोकळा राहतो, मागून येणारी गाडी ऐकू येते. पण गजबजलेल्या रस्त्यावर बोलणं नीट कळत नाही आणि बासही कमीच. पाण्यात मात्र इअरप्लग घातले की आवाज उलट भरदार होतो.

जलचर७: पट्टीवाला मला भिंतीला टर्न मारताना सरकतो. मी कानात बसणाऱ्या बडला तीन कडांची रबरी टोकं लावतो.

उलटा_पोहणारा: टोपी आधी, सेट टोपीच्या आत, गॉगलचा पट्टा त्याच्या वरून. मग नाही सरकत.

जलचर७: माझा तरी सरकतो. डोकं लहान असेल.

घाईत_आहे: टोपी घातली, पट्टीवर पट्टा, ४० फेऱ्या झाल्या, एकदाच सरकला. फोन काठावर बंद, गाणं चालू! टर्नचं अजून जमत नाही. शेवटचा प्रश्न: लगेच चार्जिंगला लावू का?

उलटा_पोहणारा: नको! आधी साध्या पाण्याने धुवा, क्लोरीन राहता कामा नये. चार्जिंगच्या पिना पुसून पूर्ण वाळू द्या. ओल्या पिनांना वीज लागली की त्या गंजतात.

मीनाक्षी_क: आणि माझा दडा?