धार बोथट केली की निबंध ‘शैक्षणिक’ होतो?

पेटती_वात
राज्यशास्त्राच्या निबंधावर शेरा आला: ‘भावनिक, पुराव्याविना. शैक्षणिक भाषेत लिहा.’ माझं वाक्य होतं: ‘मतदान सक्तीचं होत नाही तोवर लोकशाही हे धनदांडग्यांचं नाटक आहे, गरिबांचा आवाज त्यांनी केव्हाच गाडून टाकला आहे.’ ते मी असं केलं: ‘असे म्हणता येऊ शकेल की काही ठिकाणी काही प्रमाणात गरिबांचा आवाज कदाचित कमी ऐकला जात असावा.’ यावर खूण मिळाली, बरोबर! शैक्षणिक लेखन ही भित्र्यांची भाषा आहे, यावर माझा आता ठाम विश्वास बसलाय. कुणाला वेगळं वाटत असेल तर सांगा.

तळटीप
मला वेगळं वाटतं, आणि त्या खुणेचा तुमच्यापेक्षा जास्त राग मला आलाय. दुसरं वाक्य पहिल्यापेक्षा वाईट आहे. त्यात ‘म्हणता येऊ शकेल’, ‘काही ठिकाणी’, ‘काही प्रमाणात’, ‘कदाचित’ आणि ‘असावा’ इतक्या पळवाटा आहेत, पण नेमकी शंका कशाबद्दल आहे हे एकीतूनही कळत नाही. हे वाक्य कधीच खोटं ठरू शकत नाही. म्हणजे त्यात दावाच उरलेला नाही.

मूळ वाक्य उलगडून बघा. त्यात तीन वेगळे दावे एकमेकांत गुंतलेत. सक्तीने परिस्थिती बदलते, हा कार्यकारणाचा दावा. धनदांडग्यांनी आवाज गाडला, हा हेतूचा दावा, कारण गाडणारा कुणीतरी असावा लागतो. आणि लोकशाही नाटक आहे, हा निवाडा. तिघांना लागणारा पुरावा वेगळा असतो. म्हणून एकच ‘कदाचित’ सगळ्यांवर शिंपडून काही साधत नाही.

पहिल्याचाच पुरावा पाहू. ऑस्ट्रेलियात १९२२च्या निवडणुकीत मतदान ६० टक्क्यांच्या खाली होतं. १९२४मध्ये सक्तीचा कायदा झाला आणि १९२५मध्ये ते ९१ टक्क्यांच्या वर गेलं. नेदरलँड्समध्ये उलटा प्रवास झाला. सक्ती असलेल्या शेवटच्या, १९६७च्या निवडणुकीत मतदान ९५ टक्क्यांच्या आसपास होतं, ती उठल्यावर १९७१मध्ये ते ७९ टक्क्यांवर आलं. इथपर्यंत ठामपणे लिहा, ‘कदाचित’ नको. पण हे झालं किती लोक आले याबद्दल. गरीब जास्त आले का, आणि आल्याने सरकार बदललं का, हे यातून कळत नाही. तिथे राज्यशास्त्रज्ञ अँथनी फाउलर यांचा २०१३चा अभ्यास उपयोगी पडतो. ऑस्ट्रेलियातल्या राज्यांनी सक्ती वेगवेगळ्या वर्षी आणली, क्वीन्सलँडने तर १९१५लाच. म्हणून एका राज्यात ती आलेली आणि दुसऱ्यात न आलेली, अशी तुलना करता आली. राज्यांच्या निवडणुकांत मजूर पक्षाचा मतांचा वाटा ७ ते १० टक्के-अंकांनी वाढला, असा त्यांचा निष्कर्ष आहे.

आता मी लिहिलं असतं ते असं:

‘ऑस्ट्रेलियात सक्ती आल्यावर मतदान ६० टक्क्यांच्या खालून ९१ टक्क्यांच्या वर गेले, आणि फाउलर (२०१३) यांच्या मते राज्यांत मजूर पक्षाचा वाटाही लक्षणीय वाढला. ऐच्छिक मतदानात जिथे कमी उत्पन्नाचे लोक मागे राहतात, तिथे सक्तीमुळे त्यांचे राजकीय वजन वाढू शकते, असे यावरून दिसते.’

सावधपणा दोनच जागी आहे, ‘जिथे… तिथे’ आणि ‘वाढू शकते’. कारण पुरावा तिथेच संपतो: एक देश, शंभर वर्षांपूर्वीचा, आणि गरिबांच्या मतांऐवजी मजूर पक्षाचा वाटा मोजलेला.

संख्याशील
तळटीप, इतकं लांबण कशाला? नियम साधा आहे. विशेषणं काढा, आकडा टाका. आणि सहसंबंध म्हणजे कारण नव्हे, त्यामुळे ‘मुळे’ हा शब्द सामाजिक शास्त्रात वापरूच नये. तुमच्या वाक्यातही ‘सक्तीमुळे’ आहे!

तळटीप
‘गाडून टाकला’मध्ये विशेषण कुठे आहे? क्रियापद आहे, आणि सगळा आरोप त्या क्रियापदात आहे. विशेषणं गाळली तरी तो तसाच राहतो. निबंध तपासताना मी आधी क्रियापदांखाली रेघ मारते. लादलं, लुबाडलं, गाडलं, रोखलं, या प्रत्येकाला कर्ता आणि हेतू चिकटलेला असतो. तो सिद्ध करता येतो का, हे विचारायचं.

‘मुळे’बद्दल तुमचं अर्धं बरोबर आहे. १९२२ आणि १९२५ एवढेच दोन आकडे असते तर मीही ‘मुळे’ लिहिलं नसतं, मधल्या काळात दुसरंही काही बदललेलं असू शकतं. पण राज्याराज्यांतला कालफरक नेमका त्यासाठीच वापरलाय. नेदरलँड्समध्ये सक्ती काढल्यावर मतदान पडलंही. इतकं असूनही ‘मुळे’ टाळणं म्हणजे पुराव्याला कमी लेखणं.

संख्याशील
ठीक. कालफरकाचा मुद्दा मान्य. बाकीच्या नव्वद टक्के निबंधांत असा अभ्यास हाताशी नसतो, तिथे माझा नियमच चालतो.

अर्धविराम
माझा अनुभव सांगते, विषय हाच आहे. माझ्या मार्गदर्शकांनी प्रबंधातले सगळे ‘मी’ काढायला लावले. ‘मी मुलाखती घेतल्या’चं ‘मुलाखती घेण्यात आल्या’. ‘मला वाटतं’चं ‘असे मानले जाते’. कोण मानतं? मी एकटी मानत होते! तोंडी परीक्षेत परीक्षकांनी हेच विचारलं, ‘असे कोण मानते?’ आणि मार्गदर्शक शेजारी गप्प बसले. कर्मणी प्रयोगाने लेखन तटस्थ होत नाही, फक्त माणूस गायब होतो. तळटीपताई, तुमच्या वाक्यातही ‘असे यावरून दिसते’ आहेच. कुणाला दिसतं?

पेटती_वात
हेच मी म्हणतेय! माझ्या वाक्यात निदान आरोपी होता. तुमच्या शैक्षणिक वाक्यात ‘कमी उत्पन्नाचे लोक मागे राहतात’. जणू ते स्वतःच आळसाने घरी बसले! आरोपीला पळवून लावायची ही पद्धत आहे.

संख्याशील
आरोपी ठरवायला न्यायालय असतं, निबंध नव्हे.

अर्धविराम
असं आरामात म्हणणं सोपं असतं, ज्याला कधी मतदार यादीत नाव शोधावं लागलं नाही त्याला.

संख्याशील
वैयक्तिक होऊ नका. माझ्याबद्दल तुम्हाला काय माहीत आहे?

तळटीप
दोघंही थांबा, कारण आरोपीचा प्रश्न खरा आहे आणि त्याला खरं उत्तर आहे. पुरावा असेल तर कर्ता लिहिलाच पाहिजे. अमेरिकेतलं मिसिसिपी राज्य घ्या. १८९०ची राज्यघटना करणाऱ्यांनी मतदानासाठी दोन डॉलरचा कर घातला आणि घटनेचं कलम वाचून दाखवण्याची किंवा त्याचा अर्थ सांगण्याची परीक्षा ठेवली. कृष्णवर्णीयांना मतदानातून बाहेर काढायचं आहे, हे त्यांनी तेव्हा उघड सांगितलं होतं. १९६५च्या मताधिकार कायद्याआधी तिथल्या कृष्णवर्णीय प्रौढांपैकी सुमारे ७ टक्के नोंदलेले होते, १९६७पर्यंत ते प्रमाण ६० टक्क्यांच्या आसपास गेलं.

इथे ‘काही घटकांमुळे नोंदणी कमी राहिली असावी’ लिहिणारा विद्यार्थी सावध नाही, चुकीचा आहे. ‘मिसिसिपीच्या घटनाकारांनी कृष्णवर्णीयांचा मताधिकार हेतुपुरस्सर काढून घेतला’ हे वाक्य कडक आहे, कर्तरी आहे आणि पूर्णपणे शैक्षणिक आहे, कारण हेतू कागदावर आहे. पेटती_वात, तुमच्या ‘धनदांडग्यां’कडे असा कागद आहे का? असेल तर नावं घेऊन लिहा. नसेल तर ‘मागे राहतात’ लिहून पुढच्याच वाक्यात का ते सांगा: नोंदणीची अट, कामाच्या दिवशी मतदान, जे दाखवता येईल ते.

आणि अर्धविराम, ‘दिसते’बद्दलचा तुमचा आक्षेप मला पटत नाही. त्यामागचा पुरावा त्याच परिच्छेदात आहे, कुणीही बघावा. तुमचं ‘मानले जाते’ वेगळं होतं, त्यामागे कुणीच नव्हतं.

अर्धविराम
म्हणजे दोष माझा? प्रयोग लादणाऱ्याचा नाही?

तळटीप
लादणाऱ्याचाच. ‘मी मुलाखती घेतल्या’ यात काहीही चूक नाही.

दूरदेशी
एक विसरताय सगळे. गरीब कमी मतदान करतात हेच मुळात सगळीकडे खरं नाही. अमेरिकेत आहे. भारतात सीएसडीएस या संशोधन संस्थेची निवडणुकोत्तर सर्वेक्षणं कित्येक वर्षं सांगताहेत की गरीब मतदार श्रीमंतांपेक्षा मागे नसतात, शहरी सुस्थितीतलेच बऱ्याचदा घरी बसतात. मग मूळ वाक्य इथे लावलं तर ते भावनिक असण्याआधी चूक आहे.

पेटती_वात
म्हणजे माझा सगळा निबंध गेला?

तळटीप
निबंध नाही गेला, त्याची व्याप्ती ठरली. ‘जिथे… तिथे’ त्यासाठीच होतं. भीतीपोटी घातलेलं ‘काही ठिकाणी’ आणि हे यांत फरक आहे: कुठे लागू आणि कुठे नाही, हे इथे वाचक स्वतः तपासू शकतो. भारताचं उदाहरण उलट निबंधातच घाला. तुमच्या दाव्याच्या विरोधात जाणारं तुम्हीच मांडलंत की उरलेला दावा घट्ट होतो.

पेटती_वात
आणि ‘नाटक’? ते पुराव्याने सिद्ध होणार नाही हे कळतंय मला. पण मी निबंध लिहिलाच त्या वाक्यासाठी. ते काढलं तर उरलं काय?

तळटीप
काढू नका, जागा बदला. निवाड्याला आकडा पुरत नाही, त्याला निकष लागतो. आधी निकष लिहा: ‘ज्या व्यवस्थेत उत्पन्नानुसार राजकीय वजन बदलते ती समान मताधिकाराचे वचन पाळत नाही, असे मी मानते.’ मग पुरावा. मग निवाडा. निकष न पटणारा वाचक तुमच्याशी निकषावर भांडेल, तुम्हाला भावनिक म्हणू शकणार नाही. आरेंड लाइपहार्ट यांनी १९९७मध्ये अमेरिकन राज्यशास्त्राच्या सर्वांत प्रतिष्ठित नियतकालिकात असमान मतदानावर उपाय म्हणून सक्तीची उघड शिफारस केली. बाजू घ्यायला बंदी नाही.

संख्याशील
निवाडा निबंधात नकोच, या मतावर मी ठाम आहे. लाइपहार्ट होण्याआधी विद्यार्थ्याने मोजायला शिकावं.

पेटती_वात
बरं. नवीन मसुदा: ‘ऐच्छिक मतदानात जिथे कमी उत्पन्नाचे नागरिक मागे राहतात (भारतात हे चित्र दिसत नाही), तिथे त्यांचे वजन घटते. ऑस्ट्रेलियाचा अनुभव पाहता सक्तीने ही दरी कमी होऊ शकते. मताचे वजन उत्पन्नावर ठरू नये, हा निकष मान्य केला तर अशी लोकशाही अपुरी आहे, असे मी म्हणते.’ ‘नाटक’चं ‘अपुरी’ केलंय. मनापासून नाही.

तळटीप
‘वजन घटते’ला आधार कुठे आहे? मतं कमी पडतात हे दिसतं. त्यामुळे धोरणातलं वजन घटतं, हा वेगळा दावा आहे. फाउलर यांच्या त्याच अभ्यासात निवृत्तिवेतनावरचा खर्च वाढल्याचं आहे, तो इथे जोडा.

पेटती_वात
जोडते. पण ‘मी म्हणते’ राहणार. त्याला हात लावायचा नाही.

अर्धविराम
त्यावर पुन्हा तसाच शेरा आला तर मला कळवा. मी येते वाद घालायला.