मदत हवी आहे : जुन्या वृत्तपत्रांच्या संग्रहात तारखेची मर्यादा लावली की बातमी सापडत नाही

स्थानिक इतिहासाच्या प्रकल्पासाठी मी एका नदीवरील पुलाच्या उद्घाटनाची बातमी शोधत आहे. कोनशिलेवर केवळ 1911 हे वर्ष आहे, महिना नाही. डिजिटल संग्रहातील इंग्रजी साप्ताहिकात ‘bridge’ हा शब्द देऊन 1 जानेवारी ते 31 डिसेंबर अशी मर्यादा लावली, तेव्हा फक्त जाहिराती आणि निविदा हाती आल्या.

साप्ताहिकात बातमी उशिरा येते, म्हणून मर्यादा मार्च 1912 पर्यंत वाढवून पाहिली. छपाई पुसट असल्याने यंत्राने ‘bridge’ चे ‘bndge’ असे वाचन केल्याचे एका पानाच्या मजकुरात दिसले; त्या रूपानेही शोध घेतला. ओळीच्या शेवटी शब्द तुटला असेल तर तो अखंड शब्दाने सापडणार नाही, हे लक्षात घेऊन नदीचे नाव आणि ‘opened’ हे शब्दही स्वतंत्रपणे दिले.

तारखेची मर्यादा काढताच मात्र त्याच वर्षाचे काही अंक दिसतात, ज्यांच्या नोंदीत तारखेची जागा रिकामी आहे. माझी खरी अडचण हीच आहे. सर्व अंक पानोपान चाळणे शक्य नाही आणि संग्रहाकडून मजकूर एकगठ्ठा उतरवून घेण्याची सोय नाही.

तारीख नसलेले अंक तेवढेच वेगळे कसे काढावेत, आणि शोध रिकामा आल्यास अंकच संग्रहात नाही की त्याचे वाचन चुकले आहे, हे कशावरून ओळखावे?