मानीव परवानगी आणि साठ दिवसांची मोजणी

«अमळनेरच्या प्लॉटचा बांधकाम अर्ज देऊन साठ दिवस उलटले, नगरपरिषद गप्प आहे, म्हणजे परवानगी मिळालीच ना?»

मानीव, म्हणजे कायद्याने दिली असे धरलेली, परवानगी मिळाली असेल, पण दिवस कुठून मोजायचे हे आधी पाहावे. महाराष्ट्र प्रादेशिक व नगर रचना अधिनियम, 1966 च्या कलम 45(5) प्रमाणे मुदत अर्ज मिळाल्यापासून किंवा कार्यालयाने मागवलेल्या माहितीचे उत्तर मिळाल्यापासून, यांतील जी तारीख नंतरची असेल तिथून धरली जाते. समजा, अर्ज 1 जूनला दिला, 20 जुलैला त्रुटीचे पत्र आले आणि पूर्तता 5 ऑगस्टला दाखल झाली, तर साठ दिवस 4 ऑक्टोबरला संपतात आणि परवानगी 5 ऑक्टोबरला मानीव ठरते. म्हणून पूर्ततेच्या पत्राची आवक क्रमांक असलेली पोच मूळ अर्जाच्या पोचेइतकीच जपावी. आमच्या नात्यातल्या एका कुटुंबाकडे नेमकी तीच नव्हती आणि त्यांना मुदत सिद्धच करता आली नाही.

दुसरी अट मला अधिक महत्त्वाची वाटते. प्रस्ताव विकास नियंत्रण नियमांशी काटेकोरपणे जुळत असेल तरच मौनाचा हा लाभ मिळतो. सामासिक अंतर, म्हणजे इमारतीभोवती सोडायची मोकळी जागा, नियमापेक्षा कमी सोडून केलेले बांधकाम, मुदत कितीही उलटली असली तरी, अनधिकृतच मानले जाते आणि कलम 52 ते 57 खालील कारवाईला पात्र ठरते. त्यामुळे काम सुरू करण्यापूर्वी नकाशा नियमांशी जुळतो असे वास्तुविशारदाकडून लेखी घ्यावे आणि मानीव परवानगीच्या तारखेसह त्याची प्रत कार्यालयात दाखल करावी.