मदत हवी आहे: दोन रकान्यांची स्क्रिप्ट, ९० सेकंदांत खोलीभाड्याची मर्यादा

मेघना_ठाणे: कारखान्यातल्या कामगारांसाठी गटविम्याचा व्हिडिओ करतेय. विषय एकच, हॉस्पिटलमधल्या खोलीभाड्याची मर्यादा. डावीकडे दृश्य, उजवीकडे निवेदन. निवेदन २६० शब्दांचं झालंय. अ‍ॅनिमेटर म्हणतो, चित्र कुठे बदलायचं तेच कळत नाही. चुकतंय कुठे?

रकानेवाला: आधी लांबी बघा. मराठी निवेदन मिनिटाला साधारण १२० शब्दांनी कानाला नीट लागतं, म्हणजे तुमचा मजकूर सव्वादोन मिनिटांच्या आसपास जाणार. १६० शब्दांवर आणा, आकडा डोक्यात बसायला थोडी शांतता उरते.

दुसरं, परिच्छेदावरून ओळी पाडू नका. चित्र बदललं की नवी ओळ. उदाहरणार्थ:

१. दृश्य: खोलीचं दार, पाटी ₹८,०००.
निवेदन: समजा, तुम्ही रोज आठ हजारांची खोली घेतली.

२. दृश्य: तेच दार. ₹५,००० वर रेघ, वरचा भाग लाल.
निवेदन: विमा भाडं देतो पाच हजारांपर्यंतच.

३. दृश्य: बिल. डॉक्टर आणि ऑपरेशन या पट्ट्यांचाही तेवढाच भाग लाल.
निवेदन: पण कपात भाड्यापुरती नसते. डॉक्टरांची फी आणि ऑपरेशनचा खर्चही त्याच प्रमाणात कापला जातो.

४. दृश्य: ₹८०,००० मधले ₹३०,००० गळून पडतात.
निवेदन: या दोन्हींचे ऐंशी हजार झाले, तर तीस हजार तुमच्या खिशातून.
(२ सेकंद शांतता)

‘साडेसदतीस टक्के कपात’ असं कुठेच नको. ते काम लाल पट्टी करते. आता उजवा रकाना झाकून फक्त डावा वाचा. कपात कळली नाही, तर चित्र नुसतं शोभेचं आहे.

सुहास७१: निवेदनातलं प्रत्येक वाक्य पडद्यावरही लिहा. कामगार आवाज बंद ठेवून बघतात.

रकानेवाला: आवाज बंद असतो हे खरं, पण त्यासाठी सबटायटलची वेगळी फाइल द्या. चित्रातच पूर्ण वाक्य घातलं की माणूस ते वाचत बसतो आणि लाल पट्टी निसटते. पडद्यावर फक्त आकडा.

प्रेसशॉप: आमच्या मशीन-सुरक्षेच्या व्हिडिओत दोन ऑपरेटर एकमेकांशी बोलतात. मग तीन रकाने करायचे का?

रकानेवाला: नको. उजव्या रकान्यातच बोलणाऱ्याचं नाव आधी लिहा. मशीनचा आवाजही तिथेच, स्वतंत्र ओळीवर.

मेघना_ठाणे: ओळी पाडल्या, १५८ शब्द झाले. पण वर्डमध्ये एक ओळ दोन पानांवर तुटते. शिवाय लीगलला ‘औषधं आणि इम्प्लांटना ही कपात लागू नाही’ हे निवेदनातच हवंय.

रकानेवाला: Table Properties मधल्या Row मध्ये जाऊन “Allow row to break across pages” ची खूण काढा. लीगलचं वाक्य मी चौथ्या ओळीच्या चित्रात, बिलाखाली पाटी म्हणून ठेवेन.

सुहास७१: इथे मी लीगलच्या बाजूने. इम्प्लांटचा खर्च मोठा असतो, ऐकणाऱ्याला उगाच धास्ती बसेल. पाचवी ओळ करून बोलूनच टाका.

मेघना_ठाणे: दोन्ही मसुदे उद्या पाच कामगारांना दाखवते, मग इथे लिहिते.